पहिल्या सेशनमधले इनटेकचे प्रश्न: चौकशी न वाटता कसे विचारायचे?

शमिका

मी समुपदेशनाच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यापासून सुपरवायझरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष क्लायंट बघायचे आहेत. आमचा इनटेक फॉर्म चार पानी आहे आणि पहिल्या सेशनला मिळतात ५० मिनिटं. तक्रार काय, कधीपासून, झोप, भूक, घरी कोण कोण, शिक्षण, नोकरी, आधीचे उपचार, चालू औषधं, व्यसनं, घरच्यांपैकी कुणाला मानसिक आजार, जिवाला धोका, असं सगळं त्यात आहे.

वर्गात एका जोडीने सराव केला. एक समुपदेशक, एक क्लायंट. त्याचं रेकॉर्डिंग आम्ही नंतर ऐकलं. सुरुवातीचा भाग असा:

– काय त्रास होतोय?
– झोप लागत नाही.
– किती दिवसांपासून?
– झाले दोन-तीन महिने.
– रात्री किती वाजता झोपता?
– बारा-एक.
– मध्ये जाग येते?
– हो.
– भूक कशी आहे?
– ठीक.
– घरी कोण कोण असतं?
– मी, नवरा, सासूबाई.

सुपरवायझर मॅडम एवढंच म्हणाल्या, "क्लायंटची उत्तरं कशी होत गेली ते बघा." आणि खरंच, आठव्या मिनिटाला ती मुलगी एका शब्दात उत्तरं देत होती, तीही क्लायंटचं नुसतं सोंग करत असताना! पण यातला एकही प्रश्न चुकीचा नाही, सगळे फॉर्मवरचेच आहेत. मग बदलायचं काय? प्रश्न कमी करायचे, तर फॉर्म कोण भरणार?

निमिष_

मी समुपदेशक नाही, पण कंपनीत मुलाखती घेतो, त्यामुळे थोडा अनुभव आहे. यात सगळे प्रश्न बंदिस्त आहेत. हो-नाही, आकडा, नाव. खुले प्रश्न विचारा. "झोपेबद्दल सांगा", "घराबद्दल सांगा". बंदिस्त प्रश्न पूर्ण वर्ज्य. आणि "का" वर्ज्य, कारण "का" म्हटलं की समोरचा बचाव करायला लागतो. बास, एवढं केलंत की माणूस आपोआप बोलतो.

पारवा

बोलतोच असं नाही हो. "घराबद्दल सांगा" म्हटल्यावर मी तरी "काय सांगू?" असंच म्हणेन.

मंदाकिनी

शमिका, तुमच्या मॅडमनी नेमकी जागा दाखवली आहे. मी बरीच वर्षं हे काम करते आणि शिकाऊ मुलांची रेकॉर्डिंगही ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निमिष म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. खुल्या प्रश्नाला लांब उत्तर येण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण या रेकॉर्डिंगमधले सहाही प्रश्न खुले केले तरी आठव्या मिनिटाला तेच होईल, कारण अडचण प्रश्नाच्या जातीत नाही. प्रत्येक उत्तरानंतर काय आलं ते बघा. "झोप लागत नाही" यावर आलं "किती दिवसांपासून". "दोन-तीन महिने" यावर आलं "किती वाजता". क्लायंटने जे दिलं ते कुणी हातात घेतलंच नाही. चार-पाच वेळा असं झालं की समोरच्याला इथला नियम कळतो: ते विचारणार, मी थोडक्यात सांगायचं, आणि सगळे प्रश्न संपले की ते मला उपाय देणार. हा नियम आपणच शिकवलेला असतो. मग पंधराव्या मिनिटाला "आता मोकळेपणाने बोला" म्हणून काही होत नाही.

म्हणून उत्तरानंतर लगेच प्रश्न नको. आधी त्या उत्तराला काहीतरी जागा द्या. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत ठेवा, किंवा नुसतं थांबा. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाची समुपदेशनाची एक पद्धत आहे, ते लोक रेकॉर्डिंग तपासताना हे चक्क मोजतात: एका प्रश्नामागे ऐकलेलं परत मांडणारी दोन वाक्यं असली तर चांगलं, एक असलं तर चालण्यासारखं. मोजून बोला असं माझं म्हणणं नाही. पण स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना कागदावर प्रश्नाला प्र आणि परत मांडण्याला प अशी अक्षरं मांडत जा. सलग प्र प्र प्र प्र दिसलं की तिथे चौकशी सुरू झाली असं समजा.

तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने कसा जाऊ शकेल ते लिहिते. रचलेला आहे, पण अशी संभाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

– झोप लागत नाही.
– हं. रात्र मोठी वाटत असेल.
– (थांबून) हो ना. सगळे झोपलेले असतात. मी आपली छताकडे बघत पडलेली.
– सगळं घर झोपलंय आणि तुम्ही एकट्या जाग्या.
– आणि मग डोक्यात ऑफिसचं सुरू होतं. माझा विभाग बदलला ना, तेव्हापासून हे चाललंय. दोन-अडीच महिने झाले. कधी कधी पहाटे उठून मी मेल बघते. नवरा वैतागतो.
– त्या वेळी डोक्यात नेमकं काय काय येतं?

इथवर प्रश्न एकच झालाय, तोही शेवटी. आता फॉर्म बघा. कधीपासून, कशानंतर, झोप सुरुवातीला लागत नाही की मध्ये मोडते, नोकरीत काय बदललं, घरी कुणाला जाणवलंय, हे सगळं आलेलं आहे. तिने ते स्वतःच्या क्रमाने सांगितलं, फॉर्मच्या क्रमाने नाही. रकाने नंतर भरता येतात. भूक आणि सासूबाई राहिल्या, त्या पुढे येतील. नाहीच आल्या तर विचारू.

पारवा

मंदाताई, एक शंका. "रात्र मोठी वाटत असेल" हे ती कुठे म्हणाली? हे तुम्ही तिच्या तोंडात घातलंत. माझ्यासारखा भिडस्त माणूस नसलं तरी "हो" म्हणेल.

मंदाकिनी

रास्त शंका. ते अनुमानच आहे, आणि अनुमान चुकतं. मोठ्या माणसाला खोडायचं नाही अशा सवयीत वाढलेले क्लायंट तर आपल्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. म्हणून "हो" या शब्दावर मी विसंबत नाही, त्यापुढे काय येतं ते बघते. वाक्य जवळपास बरोबर बसलं असेल तर माणूस पुढे भर घालतो: "हो ना, सगळे झोपलेले असतात..." चुकलं असेल तर "हो" म्हणून गप्प होतो, किंवा "म्हणजे तसं नाही अगदी" म्हणतो. ते दुसरं तर छानच, कारण तो आपल्याला दुरुस्त करतोय. नुसता "हो" आला तर मी मागे येते: "की तसं नाही? मी अंदाज केला." पहिल्या सेशनमध्ये एकदा तरी क्लायंटने मला खोडलं तर मला बरं वाटतं.

निमिष_

ताई, तुमचं वाचून काल घरी प्रयोग केला. बायको म्हणाली, "आज फार दमले." मी म्हणालो, "तू आज फार दमलीस." ती म्हणाली, "तेच सांगितलं ना मी आत्ता? ऐकू येत नाही का?" 😄

मंदाकिनी

😄 तुम्ही तिचं वाक्य उचलून तिलाच परत दिलंत. अर्धं पाऊल पुढे जायला हवं. "आज दिवसभर उसंतच मिळाली नाही वाटतं." आणि वाक्याचा शेवट खाली उतरू द्यायचा, वर चढवला की त्याचाही प्रश्नच होतो. पण बायकोवर प्रयोग नका करू, तिथे चहा करून देणं जास्त परिणामकारक.

कुसुंबी

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे क्लायंट. मागे एका ठिकाणी गेले होते, नाव घेत नाही. समोरच्या बाई लॅपटॉपवर टाइप करत होत्या. मी बाबा गेल्याचं सांगितलं, त्यांनी "ओके" म्हणून टाइप केलं आणि विचारलं, "भावंडं किती?" मी आकडा सांगितला. पुढची अपॉइंटमेंट घेतलीच नाही.

आता परत कुणाकडे तरी जायचा विचार आहे, म्हणून विचारते: पहिल्याच भेटीत सगळं सांगायलाच हवं का? लहानपणीची एक गोष्ट आहे, ती लगेच सांगायची नाहीये. लपवलं तर उपचार चुकीचे होतील का?

निमिष_

डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात.

मंदाकिनी

निमिष, इथे ते लागू नाही.

कुसुंबी, हा धागा विचारणाऱ्यांच्या बाजूने चालू आहे, पण तुमचा प्रश्न त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. नाही, पहिल्या भेटीत सगळं सांगायची गरज नाही. "एक गोष्ट आहे, पण आज त्यावर बोलायचं नाही" एवढं सांगितलंत तरी समोरच्याला खूप उपयोग होतो. त्यावर "थोडक्यात सांगा ना" असा आग्रह झाला, तर ती माहितीही तुमच्या कामाची आहे. फक्त चालू औषधं, आधीचे उपचार आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर ते, एवढं पहिल्याच भेटीत सांगा. ते थांबण्यासारखं नसतं.

शमिका, शिकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कुणी पहिल्याच सेशनमध्ये लहानपणचा अत्याचार सांगायला लागला तर आपल्याला वाटतं, वा, काय विश्वास बसला! आणि आपण तपशील विचारत जातो. तो माणूस घरी जातो आणि रात्रभर त्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी येत नाही. अशा वेळी वेग आपणच कमी करायचा असतो: "हे तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आज याच्या किती आत जायचं ते आपण दोघं ठरवू."

ओपीडीवाला

मी रुग्णालयात मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. ताईंचं सगळं पटतं, पण आमच्याकडे ५० मिनिटं हे स्वप्न आहे. नव्या पेशंटला वीस मिनिटं मिळाली तर चंगळ. बाहेर रांग, आत पेशंटबरोबर दोन नातेवाईक. तिथे "रात्र मोठी वाटत असेल" म्हणून थांबलो तर बाकीचे दारावर थापा मारतील.

त्यामुळे मी उलट करतो. सुरुवातीलाच सांगतो: "आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. पहिली सात-आठ मिनिटं तुम्ही बोला, मी मध्ये बोलणार नाही. मग मी भराभर काही प्रश्न विचारीन, थोडे तुटक वाटतील, राग मानू नका." आधी सांगितलं की लोक तुटकपणा सहन करतात. न सांगता केला की अपमान वाटतो.

आणि निमिषसाहेब, बंदिस्त प्रश्न वर्ज्य म्हणाल तर आमच्याकडे माणूस मरेल, शब्दशः. आत्महत्येबद्दल गोलगोल विचारायचं नसतं. आमच्याकडे नव्याने आलेली मुलं विचारतात, "तसलं काही मनात येत नाही ना?" या "ना"ला उत्तर ठरलेलं आहे: "नाही नाही." विचारणाऱ्याला नकार हवाय हे पेशंटला लगेच कळतं आणि तो आपल्याला दिलासा देऊन मोकळा होतो. सरळ विचारायचं: "इतकं असह्य झालं की काहींच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात आलाय का?" आणि मग तोंड बंद ठेवायचं.

हो म्हणाला तर पुढे जायचंच. किती वेळा येतो, शेवटचा कधी आला, कसं करायचं ते ठरवलंय का, ते साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का, आत्तापर्यंत कशाने थांबलात. यातले निम्मे प्रश्न बंदिस्तच आहेत आणि तसेच हवेत. साधन घरात असेल तर ते दूर कोण ठेवेल हे त्या दिवशीच ठरवायचं, आणि आमच्याकडे लगेच डॉक्टरांना बोलावतो.

शमिका

पण असं थेट विचारल्यामुळे ज्याच्या मनात नाही त्याच्या मनात विचार येणार नाही का? घरी हे सांगितलं तर आई घाबरली.

ओपीडीवाला

नाही. यावर बराच अभ्यास झालेला आहे, विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून लोक सुटल्यासारखे रडतात, हे मी दर आठवड्याला बघतो.

मंदाकिनी

ओपीडीवाला यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. गोपनीयता कुठपर्यंत, हे या प्रश्नाच्या आधी सांगितलेलं असलं पाहिजे, अगदी सुरुवातीला: "इथलं बोलणं इथेच राहतं. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला आणखी कुणाला तरी सांगावं लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच सांगेन." माणसाने "हो, विचार येतात" म्हटल्यावर हे सांगितलं तर त्याला सापळा वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी बाहेर बसल्या बसल्या पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, बेरीज ० ते २७. माणसं बेरीज बघतात आणि कागद फायलीत लावतात. नववा प्रश्न मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाला सोडायच्या आत त्यावर बोलणं झालंच पाहिजे. त्याने कागदावर सांगितलं आणि आपण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तर त्याने त्यातून काय समजायचं?

पारवा

मग सगळा फॉर्मच आधी घरी पाठवून द्यावा ना. माणूस निवांत भरेल, सेशनमध्ये नुसत्या गप्पा. प्रश्नच मिटला.

मंदाकिनी

वय, पत्ता, औषधं, जुने आजार, आधी कुणाकडे गेला होतात, हे आधी मागवावं. मी मागवते. पण घरातल्या मारहाणीबद्दलचा रकाना घरी पाठवायचा नाही. तो फॉर्म शेजारी बसून कोण भरतंय ते आपल्याला माहीत नसतं. तो प्रश्न बंद दाराआड, एकटीला किंवा एकट्याला.

आणि आधी भरून आलेला फॉर्म सेशनमध्ये वाचलेला दिसला पाहिजे. माणसाने तासभर बसून लिहिलेलं आपण परत विचारलं की तो मनात म्हणतो, मग लिहून कशाला घेतलंत! "तुम्ही लिहिलंय की आधी एकांकडे तीन महिने जात होतात. तिथे काय जमलं, काय नाही?" अशी सुरुवात मला बहुतेक वेळा फळली आहे. आधीच्या समुपदेशकाचं काय खटकलं हे कळलं की माझ्या निम्म्या चुका टळतात.

आडवाट

सगळे प्रश्नांच्या विरोधात बोलताहेत म्हणून माझंही सांगतो. मी पॅनिक अटॅक येत होते तेव्हा गेलो. समोरच्यांनी हळू आवाजात "बोला, जे मनात येईल ते" म्हटलं आणि शांत बसले. माझे हात कापत होते. ती शांतता मला खायला उठली. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर तिथल्या सरांनी पटापट विचारलं: किती वेळा येतो, किती मिनिटं राहतो, छातीत दुखतं का, ईसीजी काढलाय का. मला एकदम हायसं वाटलं. याला माहितेय हे काय असतं, असं वाटलं. माझा विश्वास त्या प्रश्नांनीच बसला.

ओपीडीवाला

+१. आमच्याकडे असे बरेच येतात. नेमका प्रश्न हीच ओळख पटते त्यांना.

मंदाकिनी

आडवाट, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. इतक्या घाबरलेल्या माणसापुढे लांब शांतता ठेवणं चूकच. पण त्या सरांचे प्रश्न तुम्ही सांगत होता त्यातूनच निघत होते. अटॅकबद्दल बोलताना त्यांनी मध्येच "शिक्षण किती?" विचारलं असतं तर?

आडवाट

विचारलं होतं की! शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं फॉर्मच्या क्रमाने. मला काहीच वाटलं नाही. तुम्ही म्हणता तसा सगळ्यांचा हिरमोड होत नसावा.

मंदाकिनी

मान्य. काहींना क्रमवार विचारणं आधार देतं. आधीच कोण त्यातला आहे हे ओळखायची खात्रीची खूण माझ्याकडे नाही. मी विचारून टाकते: "तुम्ही सुरुवात करताय, की मी प्रश्न विचारत जाऊ?" बरेच जण लगेच सांगतात.

शमिका

खूप उपयोगी पडतंय. मग ५० मिनिटं कशी वाटायची? आणि व्यसनं, लैंगिक गोष्टी, घराण्यातले आजार हे बोलण्याच्या ओघात येतच नाहीत, त्यांचं काय?

मंदाकिनी

माझं ढोबळ गणित असं. पहिली पाच मिनिटं गोपनीयता, वेळ, आज काय होणार आहे. मग वीस-पंचवीस मिनिटं त्यांची गोष्ट, त्यांच्या क्रमाने. मग मी थांबून ऐकलेलं चार-पाच वाक्यांत मांडते आणि विचारते, "काही चुकलं? काही राहिलं?" त्यानंतर उघडपणे दिशा बदलते: "आता दहा मिनिटं मी थोडं सरळ विचारणार आहे. काही प्रश्नांचा तुमच्याशी संबंध नसेलही, मी ते सगळ्यांना विचारते. एखादं नको असेल तर 'पुढे जा' म्हणा." व्यसन, घराण्यातले आजार आणि जिवाच्या धोक्याचा प्रश्न ओघात आधी आला नसेल तर तोही, सगळे इथे. ओघात आणायची कसरत करू नका. बळेच वळवलेलं बोलणं लोकांना बरोबर कळतं. आणि "पुढे जा" म्हणाले तर खरंच पुढे जायचं, चेहऱ्यावर काही न आणता. ती त्या सेशनची सगळ्यात मोठी परीक्षा असते. एकच अपवाद, जिवाच्या धोक्याचा प्रश्न. तो टाळला गेला तर मी थोड्या वेळाने परत त्याच्याकडे येते आणि का येतेय तेही सांगते.

शेवटच्या दहा मिनिटांत नवीन जड विषय काढायचा नाही. पुढचं काय, परत यायचंय का, आजचं बोलणं कसं वाटलं. तरी काही माणसं दाराच्या कडीला हात लावून मोठी गोष्ट सांगतात. त्यात जिवाचा धोका नसेल तर दार परत लावून बसवू नका. "हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू", आणि खरंच तिथूनच सुरू करा.

फॉर्मचे काही रकाने रिकामे राहतील. दुसऱ्या सेशनला भरा. तुमच्या संस्थेला त्याच दिवशी पूर्ण फॉर्म हवा असेल तर आधी सुपरवायझरशी बोला. क्लायंटला त्याची शिक्षा नको.

ओपीडीवाला

आमच्याकडे रकाना रिकामा राहिला तर फाईल परत येते. 😑 त्यावर उपाय सापडला तर कळवा.

कुसुंबी

आणि लिहून घेण्याचं काय? मला त्या टाइप करण्याचाच राग आला होता.

मंदाकिनी

मी कागदावर चार शब्द लिहिते, नावं आणि तारखा, आणि कागद त्यांना दिसेल असा ठेवते. सुरुवातीलाच सांगते की विसरू नये म्हणून लिहितेय, हवं तर वाचून बघा. कुणी रडत असेल तेव्हा पेन खाली. माझ्या एक सहकारी मात्र अजिबात लिहीत नाहीत, सेशननंतर दहा मिनिटांत सगळं उतरवतात. त्यांना जमतं. मी तसं केलं तर औषधाचा डोस चुकीचा लिहीन.

शमिका

आमच्याकडे टॅबवरच भरायचं आहे, कागद चालत नाही. मॅडमना विचारते की सेशन झाल्यावर भरलं तर चालेल का. ओपीडीवाला सर, नातेवाईक बरोबर असतील आणि पेशंटऐवजी तेच उत्तरं देत असतील तर तुम्ही काय करता? आमच्या सरावात हा प्रसंग पुढच्या आठवड्यात आहे.

ओपीडीवाला

नातेवाइकांना पहिली पाच मिनिटं देतो. नाही दिली तर ते पूर्ण वेळ मध्ये बोलतात. मग म्हणतो, "आता मी सगळ्यांशीच एकेकट्याने बोलतो, तुम्ही बाहेर बसा, नंतर बोलावतो." "सगळ्यांशीच" म्हटलं की संशय येत नाही. एखादी आई तरीही उठत नाही. तेव्हा खुर्ची वळवून पेशंटसमोर बसतो आणि त्यालाच विचारत राहतो, उत्तर आईने दिलं तरी. दर वेळी जमतंच असं नाही.